मृत्युपत्र मुलींसाठी नको, नातवासाठी करा

*प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ६८, रत्नागिरी जिल्हा. आम्ही सुन्नी मुसलमान. घरी मी आणि पत्नी. आईवडील हयात नाहीत. मुलगा नाही, तीन मुली होत्या. थोरली सहा वर्षांपूर्वी वारली. तिचा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे आणि आमच्याकडेच वाढतोय. जावयाने दुसरं लग्न केलं, तो आखातात असतो. धाकट्या दोघी आपापल्या घरी सुखी आहेत. वडिलांच्या जागेवर मी दोन मजली घर बांधलं. वरच्या मजल्यावर भाडेकरू आहेत. बँकेत काही ठेवी आहेत. मुलगा नसेल तर सगळं भावाकडे जातं, असं लोक सांगतात. भाऊ चांगला आहे, पण त्याच्या मुलांचा भरवसा वाटत नाही. म्हणून सर्व काही दोन्ही मुलींच्या नावे करणारं मृत्युपत्र मी टाइप करून घेतलं आहे. 'हरकत नाही' अशी सही द्यायला भाऊ आजच तयार आहे. बहिणीचं लग्नात आम्ही सगळं केलं, तिने कधी काही मागितलं नाही. एवढं केलं की मी निर्धास्त होईन ना?*

गुरुजी, सलाम.

नाही, एवढ्याने निर्धास्त होता येणार नाही. टाइप केलेल्या त्या कागदावर सही करू नका आणि भावाची सही तर मुळीच घेऊ नका. तुमचा हेतू योग्य आहे. पण ज्या मुलींसाठी हा कागद केलात त्यांना तो उपयोगी पडणार नाही, आणि ज्या नातवाला त्याची खरी गरज आहे त्याचं त्यात नावच नाही.

आधी 'सगळं भावाकडे जातं' या भीतीचं पाहू, कारण पुढचं सगळं तिच्यातून आलं आहे. प्रेषितांच्या काळी मदिनेत नेमकी तुमच्यासारखीच गोष्ट घडली होती. साद बिन रबी उहुदच्या लढाईत मारले गेले. मागे पत्नी आणि दोन मुली. त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे त्यात वावगं काही नव्हतं. मुलींना घेऊन ती विधवा प्रेषितांकडे गेली. त्यानंतर सूरह निसामधली वारशाची आयत उतरली, असं हदीसच्या ग्रंथांत नोंदलं आहे. मुलींच्या चुलत्याला बोलावून प्रेषितांनी सांगितलं, की दोन तृतीयांश मुलींना दे, एक अष्टमांश त्यांच्या आईला दे, आणि उरेल ते तुझं. ज्या नियमाने चुलता सगळं घेऊन जाईल अशी भीती तुम्हाला वाटते, तो नियम चुलत्याला सगळं घेता येऊ नये म्हणूनच आला. मुलगा नसताना एकच मुलगी असेल तर तिला निम्मं, दोन किंवा अधिक असतील तर सगळ्यांना मिळून दोन तृतीयांश. संततीवाल्या माणसाच्या विधवेला एक अष्टमांश. हे ठरलेले हिस्से आधी निघतात आणि उरलेलं तेवढं 'असबा'कडे, म्हणजे बाकी घेणाऱ्या जवळच्या नातलगांकडे जातं.

आता तुमचा हिशेब मांडू. पत्रात किमती नाहीत, म्हणून समजायला सोप्या अशा धरते. घर आणि जागा मिळून ५५ लाख, त्यातली जागा १५ लाखांची. ठेवी २२ लाख. एकूण ७७ लाख. वाटणी मात्र ७७ लाखांची होत नाही. दफनाचा खर्च आणि सगळी देणी आधी वजा होतात. पत्नीचा मेहर द्यायचा राहिला असेल तर तेही देणंच आहे, आणि ते तिच्या वारशाच्या हिश्श्यात जिरत नाही, वेगळं द्यावं लागतं. या सगळ्याचे दोन लाख धरू.

आणखी एक देणं आहे, जे तुम्ही देणं म्हणून मोजलेलं नाही. जागा वडिलांची होती. त्यांच्या आणि नंतर आईच्या पश्चात वारस तुम्ही तिघं. मुलाला मुलीच्या दुप्पट या नियमाने दोन भावांचे दोन-दोन भाग आणि बहिणीचा एक, असे पाच भाग होतात. भावाशी तुमची काही आपसात समजूत झाली असेल, जुनं घर त्याला आणि ही जागा तुम्हाला अशा प्रकारची. ती तुमच्या दोघांपुरती. बहिणीचा पाचवा हिस्सा दोन्हीकडे तसाच उभा आहे. लग्नात केलेला खर्च म्हणजे वारसा नव्हे. तिने मागितलं नाही म्हणून हक्कही संपत नाही. १५ लाखांच्या जागेत तिचे तीन लाख होतात. हे थोडं कठोर वाटेल, पण तुमच्याकडून लपवणं बरं नाही. आपल्या मुलींचं पुरुष नातलगांनी घेऊ नये म्हणून तुम्ही धडपडता आहात, आणि तुमच्या वडिलांच्या मुलीचा हिस्सा तुमच्याच घराखाली आहे. तिला एकदा स्वच्छ विचारा. पैसे द्या, किंवा ती मनापासून सोडत असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. पुढे सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर नावं लावताना हीच गाठ सगळ्यात आधी लागते.

७७ मधून दोन आणि तीन गेले, उरले ७२ लाख. तुम्ही कोणतंही मृत्युपत्र केलं नाही आणि आज जे आहेत ते सगळे तुमच्या मागे हयात राहिले, तर पत्नीला एक अष्टमांश म्हणजे ९ लाख, दोन्ही मुलींना मिळून ४८ म्हणजे प्रत्येकी २४ लाख. उरलेले १५ लाख भाऊ आणि बहीण यांच्यात दोनास एक, म्हणजे भावाला १० आणि बहिणीला ५. म्हणजे भावाकडे जातो तो ७२ पैकी १० लाखांचा भाग. पुतण्यांना काहीच नाही, कारण तुमचा भाऊ हयात असेपर्यंत ते तुमचे वारसच नाहीत. भाऊ तुमच्या आधी गेला आणि बहीण राहिली, तर मुलींच्या बरोबरीने सख्खी बहीण बाकीची धनी होते. ते १५ लाख तिला एकटीला मिळतात, पुतण्यांना तेव्हाही नाही. पुतणे वारस म्हणून येतात ते भाऊ-बहीण दोघंही तुमच्या आधी गेले तर.

पुतण्यांची तुमची भीती खरी ठरते ती दुसऱ्या वाटेने. तुम्ही गेल्यावर वाटप झालंच नाही, घर तसंच राहिलं, आणि पाच-सात वर्षांनी भाऊ गेला, तर त्याचा ठरलेला हिस्सा त्याच्या बायकामुलांकडे उतरतो. मग मालमत्ता पत्रकावर पाचऐवजी दहा नावं येतात आणि तुमच्या मुलींना एकेका पुतण्याची सही आणत फिरावं लागतं. कोकणात बंद पडलेली कितीतरी घरं मी पाहिली आहेत. त्यांच्या भांडणाच्या मुळाशी हावेपेक्षा वाटपातली दिरंगाई जास्त वेळा असते. म्हणून मुलींना आत्ताच सांगून ठेवा, की माझ्या मागे वर्षाच्या आत वाटप करून घ्या. चुलत्याला आणि आत्याला त्यांचा भाग पैशाच्या रूपात द्या आणि घर आपल्याकडे ठेवा. पंचावन्न लाखांच्या घरासाठी १५ लाख देणं ठेवींमधून जमण्यासारखं आहे.

आता तुमच्या कागदाकडे येते. मुसलमानाच्या मृत्युपत्राला, वसियतीला, दोन मर्यादा आहेत. लोक त्यातली एकच लक्षात ठेवतात. एक तृतीयांशाची मर्यादा बहुतेकांना ठाऊक असते. देणी फिटल्यावर उरलेल्या मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे वसियत चालत नाही. दुसरी मर्यादा तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. सुन्नी कायद्यात वारसाच्या नावे वसियत करताच येत नाही, मग ती एक रुपयाची असली तरी. बाकीच्या वारसांनी मान्य केलं तरच ती चालते. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आणि घाटावरचे हनफी. त्यांच्यात बारीक फरक अनेक आहेत, पण या मुद्द्यावर आणि तुमच्या वरच्या वाटणीत फरक पडत नाही. तुमच्या मुली वारस आहेत. त्यामुळे तुमचा कागद एक तृतीयांशाच्या पलीकडे गेला म्हणून अडतोच, आणि आतल्या भागासाठीही अडतो.

भावाच्या सहीबद्दल. ही संमती तुमच्या मृत्यूनंतर द्यावी लागते. आज त्याचा तुमच्या मालमत्तेत हक्कच नाही. तो तुमच्या मागे राहील की आधी जाईल, हेही कुणाला माहीत नाही. जो हक्क अजून जन्मलाच नाही तो सोडता येत नाही, म्हणून आजच्या 'हरकत नाही'वर भिस्त ठेवता येत नाही. अशी सही देण्यासाठी त्याने मोबदला घेतला असेल तर गोष्ट वेगळी होऊ शकते. त्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १९७३ चा निकाल आहे. पैसे घेऊन हक्क सोडणाऱ्याला पुढे शब्द फिरवता आला नाही. पण फुकट, प्रेमापोटी दिलेल्या सहीवर तुम्ही निर्धास्त झालात, तर ती निश्चिंती तुमच्या हयातीपुरतीच. आणि समजा त्याने नंतर संमती दिली, तरी ती त्याच्या हिश्श्यापुरतीच लागू होते. बहिणीची वेगळी लागेल, पत्नीचीही वेगळी.

वारस कोण, हे मृत्युपत्राच्या दिवशी ठरत नाही, मृत्यूच्या दिवशी ठरतं. एक तृतीयांशाची मर्यादा ज्या प्रसंगातून आली, त्यातही हे दिसतं. साद बिन अबी वक्कास मक्केत खूप आजारी पडले. पैसा भरपूर आणि वारस म्हणून एकच मुलगी. दोन तृतीयांश दान करू का, असं त्यांनी प्रेषितांना विचारलं. नाही. निम्मं? नाही. एक तृतीयांश? तेवढं चालेल, आणि तेही पुष्कळ आहे, असं उत्तर आलं. सोबत कारणही सांगितलं, की वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा सुस्थितीत ठेवून जाणं बरं. साद त्या आजारातून उठले, पुढे कादिसियाच्या लढाईत सेनापती झाले आणि त्यांना मुलगेही झाले. मरणाच्या दारात बसून केलेला तो हिशेब आयुष्याने बदलून टाकला. तुमचाही बदलू शकतो, म्हणून लाखांत आणि नावांत अडकलेली तरतूद करू नका.

याच मर्यादेत नातवाची सोय आहे. थोरल्या मुलीचा मुलगा तुमचा वारस नाही. त्याची आई तुमच्या आधी गेली आणि तिच्या जागी तो उभा राहत नाही. मावश्या आणि आजोबांची भावंडं हयात असताना मुलीच्या मुलाला वारशाने काहीही येत नाही. काही देशांनी यावर कायदा केला आहे. इजिप्तने १९४६ मध्ये अशा नातवंडांसाठी एक तृतीयांशाच्या आत सक्तीची वसियत आणली. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशाने मृत मुलाचा किंवा मुलीचा हिस्सा थेट नातवंडांना दिला. भारतात असं काही नाही. इथे आजोबाने लिहून ठेवलं तरच नातवाला मिळतं. आणि तो वारस नाही, हीच त्याची जमेची बाजू. वारस नसलेल्याला एक तृतीयांशापर्यंत वसियतीने देता येतं, त्याला कुणाचीही संमती लागत नाही.

किती द्यावं? पूर्ण एक तृतीयांश म्हणजे ७२ पैकी २४ लाख नातवाला दिले, तर मागे ४८ उरतात. त्यात प्रत्येक मावशीला १६ येतात. म्हणजे भाच्याला मावश्यांपेक्षा बरंच जास्त. त्यांना ते खटकेलच असं नाही, पण खटकायला जागा ठेवू नये. एक चतुर्थांश दिला तर आकडे वेगळे बसतात. नातवाला १८, मागे ५४. त्यातून पत्नीला पावणेसात, दोन्ही मुलींना प्रत्येकी १८, भावाला साडेसात, बहिणीला पावणेचार. नातवाचा आणि मावश्यांचा भाग सारखा येतो. म्हणून मी तुम्हाला एक चतुर्थांश सुचवते, आणि मुलींना हा हिशेब तोंडावर मांडून दाखवा असंही सुचवते. मृत बहिणीच्या मुलाला आपल्याइतकंच मिळतंय हे समजलं, तर पुढे तो एकटा पडणार नाही.

पत्रात 'घरी मी आणि पत्नी' एवढ्यावर एक माणूस राहून गेलं आहे. तुमच्या पश्चात पत्नीचं काय? वरच्या प्रत्येक हिशेबात तिच्या वाट्याला भावापेक्षाही कमी येतं, आणि मालमत्तेतून जे जे बाहेर काढाल त्यानं तिचा अष्टमांश आणखी आटतो. वारस असल्यामुळे तिच्या नावे वसियतही चालणार नाही. तिच्यासाठी जे करायचं ते हयातीतच, म्हणजे हिब्याने. मुलींना ठरलेल्या हिश्श्याहून अधिक द्यायचं असेल, तर तीही वाट हीच.

हिबा म्हणजे हयातीत दिलेलं दान. त्याला तिसऱ्या हिश्श्याची मर्यादा नाही आणि ते वारसालाही देता येतं. पण ते खरोखर द्यावं लागतं. मी दिलं असं सांगणं, समोरच्याने स्वीकारणं आणि ताबा देणं, या तीनही गोष्टी हव्यात. हिब्याचे दावे बहुतेक तिसऱ्यावर पडतात. कागद होतो, पेटीत जातो, बाप पूर्वीसारखंच भाडं घेत राहतो, घरपट्टी त्याच्याच नावे येत राहते, आणि तो गेल्यावर चुलता म्हणतो की हे दान झालंच नव्हतं. न्यायालयही तसंच म्हणू शकतं. तुमच्या बाबतीत वरचा मजला देणं त्यातल्या त्यात सोपं, कारण तिथे भाडेकरू आहेत. हिबानामा केल्यावर भाडेकरूंना लेखी कळवा, की यापुढे भाडं मुलींना द्यायचं, आणि मग ते खरोखर मुलींच्या खात्यात जाऊ द्या. भाडेकरूच्या ताब्यातल्या मालमत्तेचा कबजा असाच दिला जातो. दोघींना मिळून एकच मजला देणार असाल तर कोणती खोली कोणाची हे हिबानाम्यात आखून द्या. न वाटलेल्या हिश्श्याच्या दानावर हनफी कायद्यात वाद उभा राहतो, आणि तो टाळणं सोपं आहे.

मुस्लिम कायद्यातल्या हिब्याला नोंदणी सक्तीची नाही. तोंडीही चालतो. लेखी हिबानामाही त्यासाठी नोंदवायलाच हवा असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं. तरी तुम्ही नोंदवाच. सिटी सर्व्हेचा फेरफार, नगरपालिकेची घरपट्टी, उद्या कुणाला कर्ज काढायचं असेल तर बँक, हे सगळे नोंदणीचा क्रमांक विचारतात. महाराष्ट्रात राहतं घर पत्नीला, मुलीला किंवा नातवाला दान देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. त्यावर स्थानिक अधिभार किती, ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या.

हिब्याचा काळही महत्त्वाचा. मरणाची चाहूल लागलेली असते आणि ज्यात माणूस जातो, त्या आजाराला 'मर्ज-उल-मौत' म्हणतात. त्या आजारात केलेलं दान वसियतीच्याच मर्यादांत पाहिलं जातं, म्हणजे एक तृतीयांशापर्यंतच, आणि वारसाला तर इतरांच्या संमतीशिवाय नाहीच. अतिदक्षता विभागाच्या दारात अंगठे घेऊन केलेले हिबानामे त्यामुळेच कोसळतात. हिबा करायचा असेल तर हिंडत्या-फिरत्या तब्येतीत करा.

आणि सगळं देऊन मोकळे होऊ नका. मुलीला दिलेलं घर कायद्याने तिचं होतं, तिच्यावर कर्ज आलं तर तेही त्या घरावर येऊ शकतं. तुमच्या जागी मी खालचा मजला माझ्याच नावे ठेवला असता, वरचा मजला मुलींना दिला असता आणि ठेवींपैकी एक मोठी रक्कम आजच पत्नीच्या स्वतंत्र खात्यात टाकली असती, जिथे सही फक्त तिची. तिला नुसतं नॉमिनी करून भागत नाही. नॉमिनीला बँक पैसे देते ते वारसांच्या वतीने. मालकी ठरलेल्या हिश्श्यांनीच जाते. ठेवीच्या पावतीवर मुलीचं नाव नॉमिनी म्हणून घातलं की ठेव तिची झाली, या समजुतीपायी सख्ख्या बहिणी कोर्टात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. एवढं मात्र आहे, की वरचा मजला आणि त्या ठेवी बाहेर गेल्यावर मागे उरणारी रक्कम कमी होईल, आणि नातवाचा चतुर्थांश त्या उरलेल्याचाच असेल. तेव्हा तो आकडा पुन्हा मांडून बघा. कमी वाटला तर वसियत एक तृतीयांशापर्यंत वाढवा.

आणखी एक वाट आहे, तीही सांगायला हवी. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली जुन्या विवाहाची नोंदणी करता येते. तशी नोंदणी झाली की त्या जोडप्याच्या मालमत्तेला मुस्लिम वारसा कायदा लागू न होता भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. मार्च २०२३ मध्ये केरळमधल्या कासरगोड जिल्ह्यात वकील सी. शुक्कूर यांनी आपल्या तीन मुलींसाठी पत्नीशी या कायद्याखाली पुन्हा विवाह नोंदवला, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा, की मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश म्हणजे २४ लाख, आणि उरलेले ४८ दोन मुली आणि मृत मुलीचा मुलगा यांना प्रत्येकी १६. भाऊ-बहिणीला काही नाही. मृत्युपत्रावर तिसऱ्या हिश्श्याची मर्यादाही उरत नाही. यासाठी दोघांचा अर्ज, तीस दिवसांची सूचना आणि नोंदणी लागते. कायद्याच्या दृष्टीने ही वाट सरळ आहे. पण अनेक उलेमांना ती मान्य नाही. कुराणाने ठरवून दिलेले हिस्से आपण होऊन बाजूला सारणं तुमच्या मनाला झेपेल का, हे तुम्ही आणि पत्नीनेच ठरवायचं आहे. पत्रावरून मला वाटतं की तुम्हाला शरियतीच्या आतच राहायचं आहे. तसं असेल, तर नातवाला वसियत आणि हयातीत हिबा एवढ्यात तुमचं पुष्कळसं काम होतं.

वाचणाऱ्यांमध्ये कुणी शिया असतील, बोहरा किंवा खोजा, तर वरचे आकडे तुमच्यासाठी नाहीत. शिया कायद्यात मुलगी असेल तर भावाला काहीच जात नाही. वारसालाही एक तृतीयांशापर्यंत वसियतीने देता येतं, आणि इतर वारसांची संमती आधी घेतलेलीही चालते. गोव्यात तर सगळ्यांना एकच नागरी कायदा लागू आहे, तिथला हिशेबच वेगळा.

शेवटचं नातवाच्या कागदाबद्दल, कारण तिथे एक खाच आहे. तो अज्ञान आहे आणि त्याचा बाप हयात आहे. मुस्लिम कायद्यात अज्ञान मुलाच्या मालमत्तेचा पालक बाप असतो, मूल कुणाकडेही वाढत असलं तरी. त्यामुळे नातवाला आज रोख दान दिलंत, तर त्याचा कारभार आखातातल्या जावयाच्या हाती जाऊ शकतो. म्हणून त्याच्यासाठी हिबा नको, वसियतच हवी. तिच्यात वसी, म्हणजे कारभारी, नेमा. धाकट्या मुलींपैकी जी हिशेबाला चोख असेल तिला नेमा, आणि नातू सज्ञान होईपर्यंत त्याचा भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवून व्याज शिक्षणाला वापरावं, असं स्पष्ट लिहा. रक्कम लिहू नका, 'देणी फेडून उरलेल्या मालमत्तेचा एक चतुर्थांश' असं लिहा. आज लिहिलेले १८ लाख उद्या दवाखान्यात मालमत्ता खर्च होऊन ५४ लाखांच्या खाली आली, तर तिसऱ्या हिश्श्याच्या वर जातील, आणि वरचा भाग वारसांच्या मर्जीवर राहील. मुसलमानाच्या वसियतीला साक्षीदार किंवा लेखी रूप कायद्याने अनिवार्य नाही, तरीही दोन साक्षीदार घ्या, वारसांपैकी कुणी नको. गावातले डॉक्टर आणि तुमचा एखादा जुना सहकारी शिक्षक चालेल. दुय्यम निबंधकांकडे नोंदवा, आणि एक प्रत वसी केलेल्या मुलीकडे, एक भावाकडे द्या. त्याच्याकडून सही नको. त्याने फक्त ती वाचलेली असावी.